एका स्थळापुरता सपाट नकाशा

दिल्लीच्या आग्नेयेस, यमुनेच्या पूर्वेकडील सपाट मैदानात, उत्तर प्रदेशाच्या गौतम बुद्ध नगर जिल्ह्यात जेवर हे गाव आहे. येथे नोएडा आंतरराष्ट्रीय विमानतळाची कोनशिला २५ नोव्हेंबर २०२१ रोजी बसवण्यात आली. पहिल्या टप्प्यासाठी १,३३४ हेक्टर जमीन नक्की करण्यात आली आणि पहिल्या धावपट्टीची लांबी ३,९०० मीटर ठरली.

आता अशी कल्पना करू की, एखाद्या अभियंत्याने एवढ्या लांबीच्या धावपट्टीची दोन टोके नेहमीच्या यूटीएम नकाशावर मांडली. दोन्ही टोकांच्या निर्देशकांवरून अंतर बरोबर ३,९०० मीटर येते, याची त्याने खात्री करून घेतली. मग उपग्रहांचे संकेत ग्रहण करणाऱ्या उपकरणाच्या साहाय्याने त्याने ती टोके जमिनीवर आखली. त्यानंतर दुसऱ्या भूमापकाने तेच अंतर प्रकाशकिरणाने मोजणाऱ्या उपकरणाने जमिनीवरून मोजले, तर ते ३,८९८ मीटर आणि ४९ सेंटिमीटर एवढेच भरेल. सुमारे दीड मीटर कमी! उपकरणे निर्दोष आहेत, आकडेमोड बिनचूक आहे, आणि तरीही धावपट्टी आखूड झाली आहे.

क्षेत्रफळाच्या बाबतीत हा फरक अधिकच लक्षात भरतो. जमिनीवर १,३३४ हेक्टर असलेले क्षेत्र याच नकाशावरून मोजले तर ते १,३३५ हेक्टरांहून किंचित अधिक भरते. म्हणजे सुमारे एक हेक्टर, अर्थात अडीच एकर, अशी जमीन कागदावर निर्माण होते की जी प्रत्यक्षात कोठेच नाही. जेथे जमिनीचा मोबदला चौरस मीटरवर ठरतो, तेथे ही बाब क्षुल्लक म्हणता येणार नाही.

हा फरक कोठून येतो आणि एखाद्या लहानशा स्थळासाठी तो जवळजवळ पूर्णपणे कसा नाहीसा करता येतो, हे या प्रकरणात पाहावयाचे आहे. पुढील सर्व गणित जेवरच्या स्थानाला धरून केलेले आहे. ते केवळ उदाहरण होय. त्या विमानतळाच्या बांधकामात प्रत्यक्ष कोणती पद्धत वापरली गेली, याचे ते वर्णन नव्हे.

नकाशा कोठे ताणला जातो

पृथ्वीचा वक्र पृष्ठभाग सपाट कागदावर उतरवण्याच्या गणिती रीतीला प्रक्षेपण म्हणतात. कोणत्याही प्रक्षेपणात काही ना काही ताणले किंवा आकसले जातेच. या ताणण्या-आकसण्याला विरूपण असे नाव आहे. ते टाळता येत नाही. मात्र ते कोठे असावे आणि किती असावे, हे ठरवणे आपल्या हाती असते.

भूमापनात सर्वाधिक प्रचलित असलेले प्रक्षेपण म्हणजे ट्रान्सव्हर्स मर्केटर होय. त्याची मूळ कल्पना लॅम्बर्ट या गणितज्ञाने १७७२ मध्ये मांडली. पुढे गाउसने आणि १९१२ मध्ये क्रूगरने तिला आजचे गणिती रूप दिले. एका आडव्या दंडगोलात पृथ्वीचा गोल बसवला आहे आणि तो दंडगोल एका रेखावृत्ताला उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत स्पर्श करीत आहे, असे चित्र डोळ्यांपुढे आणावे. या रेखावृत्ताला मध्य रेखावृत्त म्हणतात. त्याच्यावरील अंतरे नकाशात जशीच्या तशी उतरतात. त्याच्या पूर्वेस किंवा पश्चिमेस जावे तसतशी अंतरे ताणली जातात. हे प्रक्षेपण अनुरूप आहे, म्हणजे एखाद्या बिंदूपाशी सर्व दिशांनी सारखाच ताण पडतो, त्यामुळे लहान आकृतींचे कोन बिघडत नाहीत. भूमापकाला ते प्रिय असण्याचे हेच कारण आहे.

हा ताण अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावयास हवी. मध्य रेखावृत्तापासून १० किलोमीटरांवर एका किलोमीटरमागे जेमतेम सव्वा मिलिमीटर वाढ होते. ३० किलोमीटरांवर ती ११ मिलिमीटर होते. १०० किलोमीटरांवर ती १२ सेंटिमीटरांपर्यंत पोहोचते. जवळपास फरक नगण्य, आणि दूर गेल्यावर तो झपाट्याने वाढणारा, असा हा प्रकार आहे.

यूटीएम ही याच प्रक्षेपणाची जगभर लागू केलेली मांडणी आहे. तीत पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे साठ पट्टे पाडलेले आहेत आणि प्रत्येक पट्ट्याच्या मधोमध त्याचे मध्य रेखावृत्त असते. एवढ्या रुंद पट्ट्यात कडेचा ताण फार होऊ नये, म्हणून सर्व अंतरे मुळातच ०.९९९६ या गुणकाने कमी केली जातात. म्हणजे मध्यावर एका किलोमीटरमागे ४० सेंटिमीटर घट पत्करली जाते. याला प्रमाणगुणक म्हणतात. भारतात २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानुसार सर्वांसाठी खुल्या असलेल्या नकाशांकरिता यूटीएम आणि डब्ल्यूजीएस-८४ हा संदर्भ स्वीकारण्यात आला. त्यामुळे दिल्ली परिसरातील अभियंत्याच्या हाती येणारा नकाशा बहुधा याच पद्धतीचा असतो.

दिल्ली आणि तिचा परिसर ४३ व्या पट्ट्यात येतो. या पट्ट्याचे मध्य रेखावृत्त ७५ अंश पूर्व हे आहे आणि त्याची पूर्व सीमा ७८ अंशांवर आहे. ही सीमा मोठी अर्थपूर्ण आहे. दक्षिण टोकापासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंत भारताची जी सुप्रसिद्ध मोजणी झाली, ती ‘ग्रेट आर्क’ याच रेखावृत्ताच्या आसपास उत्तरेकडे सरकत गेली होती. ती सुरू करणारे विल्यम लॅम्टन १८२३ मध्ये याच कामावर असताना वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे मरण पावले. आज त्याच रेखावृत्ताने विदर्भाचेही दोन भाग केले आहेत. अमरावती ४३ व्या पट्ट्यात आहे, तर वर्धा आणि नागपूर ४४ व्या पट्ट्यात.

जेवर सुमारे ७७ अंश ३७ कलांवर, म्हणजे पट्ट्याच्या पूर्व कडेजवळ आहे. मध्य रेखावृत्तापासून ते सुमारे २५६ किलोमीटर दूर पडते. तेथे निव्वळ ताण एका किलोमीटरमागे सुमारे ८१ सेंटिमीटर असतो. त्यातून प्रमाणगुणकाची ४० सेंटिमीटरांची घट वजा केली तरी ४१ सेंटिमीटर वाढ शिल्लक राहते. धावपट्टीच्या हरवलेल्या दीड मीटरचे मूळ येथे आहे.

दुसरे कारण : जमिनीची उंची

परंतु ४१ सेंटिमीटरांना ३.९ ने गुणले तर १ मीटर ६० सेंटिमीटर येतात. आपला फरक तर १ मीटर ५१ सेंटिमीटरांचा होता. उरलेल्या नऊ सेंटिमीटरांचा हिशेब दुसऱ्याच कारणाने लागतो आणि नेमके हेच कारण पुष्कळदा विसरले जाते.

प्रक्षेपणाचे गणित प्रत्यक्ष जमिनीवर होत नाही. ते एका कल्पित, गुळगुळीत, ध्रुवांपाशी किंचित चपट्या गोलावर होते. त्याला विवृत्ताभ म्हणतात. आपण मात्र त्याच्यापासून काही उंचीवर असलेल्या जमिनीवर चालतो आणि मोजतो. बैलगाडीच्या चाकाचे दोन आरे तुंब्याजवळ एकमेकांच्या निकट असतात आणि धावेजवळ त्यांच्यातील अंतर वाढते. त्याचप्रमाणे पृथ्वीच्या केंद्रातून निघालेल्या दोन रेषांमधील अंतर जितके वर जावे तितके वाढते. म्हणून जमिनीवर मोजलेले अंतर विवृत्ताभावरील अंतरापेक्षा नेहमीच थोडे मोठे असते. अर्थात जमीन विवृत्ताभाच्या वर असेल तर.

ही उंची कोणती, हा येथील नाजूक प्रश्न आहे. नकाशावर किंवा रेल्वे स्थानकाच्या पाटीवर लिहिलेली उंची समुद्रसपाटीपासूनची असते. जेवरच्या परिसरात ती सुमारे २०० मीटर आहे. परंतु समुद्रसपाटीचा पृष्ठभाग, ज्याला शास्त्रात जिऑइड म्हणतात, तो दिल्लीच्या आसपास विवृत्ताभाच्या सुमारे ५० मीटर खाली आहे. त्यामुळे विवृत्ताभापासून जमिनीची उंची २०० मीटर नसून सुमारे १५० मीटर भरते. उपग्रह-ग्राहक मुळात हीच दुसरी उंची देतो.

या अक्षांशावर पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३६६ किलोमीटर धरता येते. १५० मीटरांना या त्रिज्येने भागले की ०.००००२३६ हा आकडा मिळतो. म्हणजे विवृत्ताभावरचा एक किलोमीटर जमिनीवर सुमारे २४ मिलिमीटरांनी मोठा होतो. जेवरच्या यूटीएम नकाशातील ४१ सेंटिमीटरांच्या वाढीतून हे २४ मिलिमीटर वजा केले की ३८.७ सेंटिमीटर उरतात. धावपट्टीच्या पूर्ण लांबीत तोच फरक १ मीटर ५१ सेंटिमीटरांचा होतो. हिशेब आता पुरता जुळला.

उपाय

दोषाची ही दोन कारणे समजली की उपाय आपोआप सुचतो. मध्य रेखावृत्त २५६ किलोमीटर दूर ठेवण्याऐवजी ते स्थळाच्या मधोमध आणावे. आणि नकाशाचा पृष्ठभाग विवृत्ताभावर ठेवण्याऐवजी तो जमिनीच्या सरासरी उंचीपर्यंत उचलावा. पहिले काम मध्य रेखावृत्ताचे रेखांश बदलून होते, तर दुसरे प्रमाणगुणक बदलून. एवढ्याच दोन गोष्टींनी स्थानिक प्रक्षेपण सिद्ध होते. बाकी सारे गणित यूटीएमचेच असते.

जेवरच्या उदाहरणात हे टप्प्याटप्प्याने पाहू. प्रथम स्थळाची चतुःसीमा घेऊन तिचा मध्य काढावा. तो अगदी काटेकोर असण्याची आवश्यकता नाही. किंबहुना सहज लक्षात राहील असा गोळाबेरीज आकडा निवडणेच श्रेयस्कर. येथे २८.१७५ अंश उत्तर आणि ७७.६१ अंश पूर्व हा बिंदू घेऊ. मध्य अर्धा किलोमीटर इकडे-तिकडे झाला तरी अंतरांवर होणारा परिणाम मोजता येण्याजोगा नसतो.

नंतर प्रमाणगुणक ठरवावा. एकात उंचीचा भागाकार मिळवला की तो मिळतो : १ अधिक ०.००००२३६, म्हणजे १.००००२३६. यूटीएमचा गुणक एकापेक्षा लहान असतो आणि आपला एकापेक्षा मोठा आहे, याचे नवल वाटू नये. यूटीएमला रुंद पट्टा सांभाळावयाचा असतो. आपल्याला केवळ जमिनीपर्यंत वर चढावयाचे आहे.

यानंतर आरंभबिंदूचे निर्देशक ठरवावे लागतात. स्थळाच्या मध्याला शून्य-शून्य म्हटले तर पश्चिमेकडील व दक्षिणेकडील सर्व बिंदूंचे निर्देशक ऋण होतील आणि वजाचे चिन्ह गळून पडण्याचा धोका राहील. म्हणून मध्याला आधीच मोठे धन आकडे द्यावेत. ते निवडताना दोन पथ्ये पाळावीत. पहिले म्हणजे ते यूटीएमच्या आकड्यांसारखे मुळीच दिसू नयेत. जेवरच्या मध्याचे यूटीएम निर्देशक पूर्वेकडे सुमारे ७,५६,००० मीटर आणि उत्तरेकडे सुमारे ३१,१९,००० मीटर असे आहेत. आपण पाच अंकी आकडे घेतले, तर दोहोंची गल्लत होणार नाही. दुसरे म्हणजे पूर्वेचा आणि उत्तरेचा आकडा एकमेकांपासून इतके भिन्न असावेत की, स्थळावरील कोणत्याही बिंदूचे निर्देशक उलटसुलट लिहिले गेले तर ते तत्काळ कळावे. पूर्वेला २०,००० आणि उत्तरेला ५०,००० घेतले की दोन्ही पथ्ये पाळली जातात.

संगणकावरील नकाशा-प्रणालींना ही सर्व व्याख्या एका वाक्यात सांगता येते. ती अशी :

```
+proj=tmerc +lat_0=28.175 +lon_0=77.61
+k_0=1.0000236 +x_0=20000 +y_0=50000
+datum=WGS84 +units=m +no_defs +type=crs
```

येथे सोयीसाठी तीन ओळी केल्या आहेत; प्रत्यक्षात ती सलग लिहावी. `lon_0` म्हणजे मध्य रेखावृत्त, `k_0` म्हणजे प्रमाणगुणक, आणि `x_0` व `y_0` म्हणजे आरंभबिंदूला दिलेले पूर्वेचे व उत्तरेचे आकडे होत.

विरूपण किती उरले

आता शिल्लक विरूपणाचा हिशेब करू. स्थळाची कड मध्य रेखावृत्तापासून ३ किलोमीटरांवर आहे असे धरले, तर तेथील ताण एका किलोमीटरमागे एक दशांश मिलिमीटर एवढाच असतो. कोणतेही क्षेत्रीय उपकरण तो ओळखू शकणार नाही.

उंचीची गोष्ट मात्र वेगळी आहे. जमीन सरासरीपेक्षा १० मीटर उंच किंवा सखल असेल, तर एका किलोमीटरमागे दीड मिलिमीटरांचा फरक पडतो. म्हणजे केवळ दहा मीटरांचा चढउतार हा तीन किलोमीटरांच्या वक्रतेपेक्षा पंधरा पटींनी अधिक प्रभावी ठरतो! लहान स्थळाच्या बाबतीत मध्य रेखावृत्ताची निवड फारशी नाजूक नसते. खरी काळजी उंचीची घ्यावी लागते. जर कोणी केवळ मध्य रेखावृत्त बदलले आणि प्रमाणगुणक १ च ठेवला, तर संपूर्ण धावपट्टीत ९ सेंटिमीटरांचा फरक पडेल. आणि जर कोणी विवृत्ताभापासूनची १५० मीटर उंची घेण्याऐवजी समुद्रसपाटीपासूनची २०० मीटर घेतली, तर पूर्ण लांबीत सुमारे ३ सेंटिमीटरांची चूक होईल. ती मोठी नाही, पण ती प्रत्येक मोजणीत एकाच दिशेने होत राहील आणि म्हणून सरासरी काढूनही नाहीशी होणार नाही.

सुदैवाने यमुनेचे मैदान अतिशय सपाट आहे. तेथे धावपट्टीच्या टोकापासून टोकापर्यंत नकाशावरील अंतर आणि जमिनीवरील अंतर यांतील तफावत काही मिलिमीटरांत राहते. उपग्रहाधारित मोजणीत एका बिंदूची अचूकताच साधारणपणे एक-दोन सेंटिमीटर असते, हे ध्यानात घेतले म्हणजे एवढ्या तफावतीला नगण्य का म्हणावयाचे, हे कळून येईल. विरूपण शून्य झालेले नाही; ते मोजणीच्या स्वाभाविक अनिश्चिततेच्या खाली गेले आहे.

आणखीही एक लाभ होतो. यूटीएम नकाशावरील उभ्या रेषा जेवर येथे खऱ्या उत्तरेपासून सुमारे सव्वा अंशाने कललेल्या असतात. स्थानिक प्रक्षेपणात मध्यावर हा कल शून्य होतो आणि तीन किलोमीटरांवरही तो एका कलेपेक्षा कमी राहतो. धावपट्टीसारख्या ठिकाणी, जेथे दिशेला फार महत्त्व असते, ही सोय लहान नव्हे.

पडताळा कसा घ्यावा

व्याख्या लिहिली म्हणजे काम संपले असे नाही. ती जमिनीवर पारखून घेतली पाहिजे. त्याची रीत साधी आहे. स्थळावर पक्के बांधलेले दोन नियंत्रण-स्तंभ निवडावेत. ते एकमेकांपासून एक किलोमीटरहून अधिक दूर असावेत, परंतु एकावरून दुसरा दिसला पाहिजे. टोटल स्टेशन नावाच्या उपकरणाने त्यांच्यातील आडवे अंतर मोजावे. मग त्याच स्तंभांच्या स्थानिक निर्देशकांवरून अंतर काढून दोहोंची तुलना करावी.

समजा, मोजलेले अंतर १,२०० मीटर आले. स्थानिक निर्देशकांवरून येणारे अंतर त्याच्याशी सेंटिमीटरभराच्या आत जुळावयास हवे. तेच स्तंभ यूटीएममध्ये १,२०० मीटर ४६ सेंटिमीटर इतके दूर दिसतील. फरक ४६ सेंटिमीटरांच्या आसपास आला, तर आकडे चुकून यूटीएमचेच राहिले आहेत असे समजावे. फरक तीन सेंटिमीटरांच्या जवळपास आला, तर प्रमाणगुणक लावण्याचे राहून गेले. आणि अंतर जुळले परंतु बिंदूच जागचा हलला, तर दोष व्याख्येत नसून संदर्भ-विवृत्ताभात आहे असे मानावे. भारताच्या जुन्या नकाशांचा आधार एव्हरेस्ट विवृत्ताभ हा होता. त्यावरील अक्षांश-रेखांश डब्ल्यूजीएस-८४ चे समजून वापरले, तर दिल्ली परिसरात बिंदू शंभर मीटरांहून अधिक सरकतो.

फरकाचा आकारच अशा रीतीने चुकीचे नाव सांगतो. म्हणून पडताळ्याचे आकडे खोडून टाकू नयेत, ते जपून ठेवावेत.

एक चूक मात्र या पडताळ्यातूनही पुष्कळदा निसटते. टोटल स्टेशनमध्ये स्वतःचा असा प्रमाणगुणक भरण्याची सोय असते. पूर्वीच्या यूटीएमच्या कामात तेथे १.०००३८७ सारखा आकडा भरलेला असेल आणि तो तसाच राहून गेला, तर उपकरण प्रत्येक अंतर मुकाट्याने वाढवून दाखवील. स्थानिक प्रक्षेपणात जमिनीची उंची व्याख्येतच सामावलेली असते. त्यामुळे उपकरणातील गुणक बरोबर १ असला पाहिजे. मोजणीला बसण्यापूर्वी तो पाहून घेण्याची सवय भूमापकाला असावी.

आकड्यांची ओळख

स्थानिक प्रक्षेपणाचा सर्वांत मोठा धोका गणितात नाही. तो या गोष्टीत आहे की, निर्देशक म्हणजे अखेर नुसते आकडे असतात आणि आकड्यांच्या अंगावर त्यांची ओळख लिहिलेली नसते.

काही ठिकाणी निराळीच युक्ती योजली जाते. यूटीएमचे निर्देशक घेऊन त्यांना एखाद्या गुणकाने गुणले किंवा भागले जाते, म्हणजे अंतरे जमिनीशी जुळू लागतात. दिसावयास हे सोपे आहे. परंतु त्यातून निर्माण होणारे आकडे यूटीएमसारखेच दिसतात आणि यूटीएम मात्र नसतात. जेवरला उत्तरेचा आकडा एकतीस लाखांचा असल्यामुळे ०.०००३८७ या गुणकाने तो सुमारे १,२०० मीटरांनी सरकतो. पाच वर्षांनी दुसऱ्या कंत्राटदाराने तो आराखडा उघडला आणि शेजारच्या रस्त्याच्या यूटीएम नकाशावर ठेवला, तर रस्ता विमानतळाच्या मधून गेलेला दिसेल. एवढी मोठी चूक निदान नजरेला तरी पडते. तीच एका मीटरची असती, तर ती कोणाच्या लक्षातही आली नसती. पाच अंकी, सहज वेगळे ओळखू येणारे निर्देशक निवडण्यामागे हेच कारण आहे.

यास्तव प्रत्येक आराखड्याच्या कोपऱ्यात, जेथे नकाशाचे प्रमाण आणि उत्तर दिशा दाखवतात, तेथेच प्रक्षेपणाची संपूर्ण व्याख्या छापावी. तिच्यासोबत तीन गोष्टी अवश्य लिहाव्यात : गुणक ठरवताना धरलेली सरासरी उंची, ती विवृत्ताभापासून की समुद्रसपाटीपासून, आणि नियंत्रण-स्तंभांचे निर्देशक ज्या दिवशीचे आहेत ती तारीख. तारीख कशासाठी, असा प्रश्न पडेल. भारतीय भूखंड ईशान्येकडे दर वर्षी सुमारे पाच सेंटिमीटरांनी सरकत आहे आणि जागतिक निर्देशकांत ही हालचाल उमटते. दहा वर्षांनी उपग्रहावरून नव्याने काढलेले निर्देशक जुन्यांपासून अर्धा मीटर दूर आढळले, तर स्तंभ हलला असा समज व्हायला नको. स्थळातील बिंदूंची परस्पर अंतरे मात्र या हालचालीने बदलत नाहीत. म्हणून एकदा ठरवलेले स्तंभांचे निर्देशकच प्रकल्प संपेपर्यंत आधारभूत मानावेत.

मर्यादा

ही रीत कोठपर्यंत चालते? पूर्व-पश्चिम विस्ताराचा विचार करता मध्य रेखावृत्ताच्या दोन्ही बाजूंस दहा-दहा किलोमीटरांपर्यंत कोणतीच अडचण येत नाही. उत्तर-दक्षिण विस्ताराला तर वक्रतेची जवळजवळ मर्यादाच नाही, कारण मध्य रेखावृत्तावर ताण पडत नाही. दिल्ली ते मेरठ हा सुमारे ८२ किलोमीटरांचा जलद रेल्वेमार्ग घ्या. तो ईशान्येकडे जातो, परंतु त्याचा पूर्व-पश्चिम पसारा सुमारे ४४ किलोमीटरच आहे. मध्य रेखावृत्त त्याच्या मधोमध ठेवले, तर टोकांशीदेखील ताण एका किलोमीटरमागे सहा मिलिमीटरांच्या आसपास राहील. पूर्व-पश्चिम धावणाऱ्या लांब कालव्याला मात्र हे प्रक्षेपण सोयीचे नाही. तेथे अक्षवृत्ताला धरून केलेले लॅम्बर्टचे शंकू-प्रक्षेपण योजावे.

खरी मर्यादा उंचीची आहे. याच राजधानी परिसरात गुरुग्राम आणि फरीदाबादच्या बाजूस अरवलीच्या टेकड्या आहेत. एखाद्या प्रकल्पाचा एक भाग टेकडीवर आणि दुसरा शंभर मीटर खाली असेल, तर एका किलोमीटरमागे १६ मिलिमीटरांचा फरक अटळ आहे. मधली उंची धरली तर तो दोन्ही बाजूंना आठ-आठ मिलिमीटरांत विभागला जातो; नाहीसा होत नाही. त्याहून अधिक अचूकता हवी असेल, तर दोन वेगळी प्रक्षेपणे करावी लागतात किंवा प्रत्येक अंतरासाठी उंचीचा हिशेब स्वतंत्रपणे करावा लागतो.

प्रकल्पाची हद्द ओलांडली की स्थानिक निर्देशकांचा उपयोग संपतो. जमिनीची सरकारी नोंद, शेजारच्या जिल्ह्याचा रस्ता, सर्वेक्षण विभागाचे नकाशे यांच्याशी व्यवहार करताना ते पुन्हा सर्वमान्य पद्धतीत रूपांतरित करावे लागतात. व्याख्या पूर्णपणे लिहून ठेवलेली असेल, तर हे रूपांतर संगणक क्षणात आणि बिनचूक करतो. ती हरवली असेल, तर स्तंभ पुन्हा शोधून, पुन्हा मोजून, तिचा अंदाज बांधावा लागतो. ३,९०० मीटरांची धावपट्टी जमिनीवर ३,९०० मीटरच भरावी यासाठी जी व्याख्या तीन ओळींत लिहिता येते, ती आराखड्याच्या कोपऱ्यात छापून ठेवण्यास त्याहून अधिक जागा लागत नाही.